गेट, मल्टिप्लेक्सर की डिकोडर? चिपा मोजून केलेली तुलना

प्रश्न असा: चार बिटांची संख्या येते, A सर्वांत वरचा बिट आणि D सर्वांत खालचा. संख्या मूळ असेल, म्हणजे २, ३, ५, ७, ११ किंवा १३, तर आउटपुट १ हवं. बोर्डावर जागा आहे दोन चिपांची. ७४ मालिकेतल्या कुठल्या चिपा घ्यायच्या?

इथे गेट मोजून उपयोग नाही. बोर्डावर गेट बसत नाही, पॅकेज बसतं. एका 7400 मधला एकच गेट वापरला तरी जागा, सप्लायच्या दोन पिना आणि शेजारचा कपॅसिटर पूर्ण चिपेचाच लागतो. म्हणून कमी गेटांचं उत्तर कमी चिपांचं असेलच असं नाही, आणि उलटही.

आधी गेटांची वाट पाहू. के-मॅप मांडला की तीन-तीन अक्षरांची चार पदं मिळतात:

```
F = A'B'C + B'CD + BC'D + A'BD
```

नॅंड-नॅंड पद्धतीने याला तीन इनपुटांचे चार नॅंड, शेवटी चार इनपुटांचा एक आणि A, B, C यांचे तीन इन्व्हर्टर लागतात. सरळ हिशेबात दोन 7410, एक 7420, एक 7404, म्हणजे चार चिपा. पण दोन 7410 मध्ये सहा नॅंड असतात आणि आपण वापरले चार. 7420 मध्ये दोन असतात, वापरला एक. उरलेल्या तीन नॅंडांच्या इनपुट पिना एकत्र जोडल्या की तेच तीन इन्व्हर्टर होतात. 7404 गेली, चिपा तीन झाल्या, आणि एकही गेट वाया गेला नाही. तरीही बजेटपेक्षा एक जास्तच.

के-मॅपवरचं किमान रूप हे शेवटचं उत्तर समजून बरेच जण इथेच थांबतात. के-मॅप फक्त दोन पातळ्यांचं किमान रूप देतो. समान भाग बाहेर काढला तर तेच फंक्शन असं दिसतं:

```
F = B'C(A' + D) + BD(A' + C')
```

A'+C' म्हणजे A आणि C चा नॅंड, आणि A'+D म्हणजे A आणि D' चा नॅंड. आता दोन इनपुटांचे तीन नॅंड (हे दोन आणि शेवटचा जोडणारा), तीन इनपुटांचे दोन नॅंड, आणि B' व D' साठी दोन इन्व्हर्टर लागतात. 7400 मध्ये चार नॅंड: तीन कामाचे, चौथा B' साठी. 7410 मध्ये तीन: दोन कामाचे, तिसरा D' साठी. दोन चिपा, आणि सातही गेट कामाला. बजेटमध्ये बसलं, पण जेमतेम. उद्या फंक्शनमध्ये एक ओळ बदलली तर ही मांडणी मुळापासून पुन्हा करावी लागेल.

आता मल्टिप्लेक्सर. 74151 मध्ये आठ डेटा इनपुट आणि तीन सिलेक्ट असतात. चार चलांपैकी तीन सिलेक्टवर द्यायचे, उरलेल्या चौथ्यावरून प्रत्येक डेटा पिनेवर काय द्यायचं ते ठरतं: ०, १, तो चल किंवा त्याचा व्यस्त. A, B, C सिलेक्टवर आणि D उरलेला, असं धरून सत्यता सारणीच्या ओळी जोडीजोडीने वाचा. (०,१) मध्ये एकही मूळ संख्या नाही, म्हणून ०. (२,३) मध्ये दोन्ही, म्हणून १. (४,५) मध्ये फक्त विषम, म्हणून D. असं पुढे जात राहिलं की:

```
D0=0  D1=1  D2=D  D3=D
D4=0  D5=D  D6=D  D7=0
```

D' कुठेही लागला नाही. एक चिप, काम संपलं.

हे नशिबाने झालेलं नाही. २ सोडून एकही सम संख्या मूळ नसते, आणि २ च्या जोडीला ३ आहे; म्हणून D बाहेर ठेवला की व्यस्ताची गरजच पडत नाही. त्याऐवजी C बाहेर ठेवून पाहा: १३ आणि १५ ची जोडी होते, १३ मूळ आहे आणि १५ नाही, त्यामुळे त्या पिनेवर C' द्यावा लागतो. एका इन्व्हर्टरसाठी आख्खी 7404 येते आणि एकाच्या दोन चिपा होतात. कुठला चल बाहेर ठेवायचा याचे चारच पर्याय आहेत. सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी चारही कागदावर तपासावेत. सगळ्या पिनांवर फक्त ०, १ आणि व्यस्त आले, तर अजून एक पळवाट आहे: सगळ्या नोंदी उलट्या करायच्या आणि Y ऐवजी उलटं आउटपुट W घ्यायचं.

जोडताना एक चूक फार वेळा होते. 74151 च्या डेटाशीटमध्ये सिलेक्ट पिनांची नावंही A, B, C आहेत, पण तिथे A सर्वांत खालचा बिट असतो (पिन ११) आणि C सर्वांत वरचा (पिन ९). नावाला नाव जोडलं की पत्ते उलटतात: १ आणि ४ यांची अदलाबदल होते, ३ आणि ६ यांचीही. आपल्या फंक्शनमध्ये D3 आणि D6 दोन्हीवर D च आहे, त्यामुळे ती दुसरी अदलाबदल दिसतही नाही. दिसतं ते एवढंच: २ आणि ३ वर दिवा लागत नाही, ८ आणि ९ वर मात्र लागतो, आणि ५, ७, ११, १३ बिनचूक येतात. हे लक्षण दिसलं तर चिप बदलू नका, पिन ९ आणि ११ अदलाबदल करा. आणि दिवा कधीच लागत नसेल तर आधी पिन ७ पाहा. तो स्ट्रोब आहे, तो ग्राउंडला हवा. टीटीएलमध्ये मोकळी पिन १ समजली जाते आणि Y कायम ० राहतं.

तिसरी वाट डिकोडरची. 74154 सोळाही मिनटर्म वेगवेगळ्या पिनांवर देतो, निवडलेली पिन ० होते. हव्या त्या सहा पिना 7430 या आठ इनपुटांच्या नॅंडला दिल्या, उरलेली दोन इनपुट १ ला बांधली की झालं. के-मॅप नको, बीजगणित नको, सत्यता सारणी सरळ तारांत उतरते. चिपा दोन. फक्त 74154 ला २४ पिना असतात आणि तिचं नेहमीचं पॅकेज दुप्पट रुंद असतं, त्यामुळे ब्रेडबोर्डावर ती दोन साध्या चिपांपेक्षा कमी जागा घेत नाही. तिच्या जागी दोन 74138 चालतात: A एकीच्या G1 ला आणि दुसरीच्या G2A ला दिला की इन्व्हर्टरशिवायच पहिली चिप ८–१५ आणि दुसरी ०–७ सांभाळते. मग चिपा तीन.

एका आउटपुटसाठी मल्टिप्लेक्सर स्पष्टपणे जिंकतो. पण प्रश्न सहसा एका आउटपुटवर थांबत नाही. समजा, त्याच चार बिटांवरून आणखी दोन आउटपुट हवी आहेत: संख्या पूर्ण वर्ग आहे का (०, १, ४, ९), आणि दोनाचा घात आहे का (१, २, ४, ८).

गेटांची वाट इथेच बंद होते. दोनाच्या घाताच्या चार पेट्या के-मॅपवर एकमेकींना कुठेच लागून नाहीत, एकही गट पडत नाही. एकट्या त्या आउटपुटला चार इनपुटांचे पाच नॅंड, म्हणजे तीन 7420 आणि वर इन्व्हर्टर. मल्टिप्लेक्सरला आउटपुटमागे एक 74151 लागते, म्हणजे तीन. वर्गांसाठी A बाहेर ठेवला आणि W घेतलं तर इन्व्हर्टर वाचतो. पण दोनाच्या घातासाठी कुठलाही चल बाहेर ठेवा, तो आणि त्याचा व्यस्त दोन्ही लागतात. म्हणून एक 7404, एकूण चार. डिकोडरला मात्र 74154 एकदाच लागते. मूळ संख्यांना 7430, वर्गांना 7420 चा एक नॅंड, घातांना त्याच 7420 चा दुसरा.

| | एक आउटपुट | तीन आउटपुट |
|---|---|---|
| गेट | २ | ४ पेक्षा जास्त |
| मल्टिप्लेक्सर (74151) | १ | ४ |
| डिकोडर (74154) | २ | ३ |
| डिकोडर (दोन 74138) | ३ | ४ |

कारण सोपं आहे. मल्टिप्लेक्सरचा खर्च आउटपुटांबरोबर वाढतो, डिकोडरचा मोठा खर्च इनपुटांवर एकदाच होतो. माझा कौल असा: एक-दोन आउटपुट असतील तर 74151, त्याच इनपुटांवर तीन किंवा जास्त असतील तर डिकोडर. आणि बजेट जागेचं असेल, नुसत्या संख्येचं नसेल, तर 74154 दोन धरा. मग तीन आउटपुटांना दोन्ही वाटा चार-चारवर येतात, चौथ्याला दोन्हीकडे एकेक चिप वाढते, आणि चौथं व पाचवं आउटपुट मिळून एका 7420 वर भागलं तरच डिकोडर खरा पुढे जातो.

आउटपुट पुढे कशाला जातं हेही विचारायला हवं. LED ला जात असेल तर काहीच अडचण नाही. एखाद्या काउंटरच्या क्लॉकला जात असेल तर गेटांचं दोन चिपांचं उत्तर फसवं ठरतं. ७ वरून ३ वर जाताना फक्त B बदलतो आणि दोन्हीकडे उत्तर १ आहे. पण BD वालं पद लगेच बंद होतं आणि B'C वालं इन्व्हर्टरमधून उशिरा येतं; मध्ये साधारण एका गेटाच्या विलंबाएवढा वेळ, LS चिपांत १० नॅनोसेकंदांच्या आसपास, आउटपुट ० ला टेकतं. A=0, C=D=1 ठेवून B ला चौकोनी तरंग द्या; ऑसिलोस्कोपवर B च्या प्रत्येक उतरत्या कडेला बारीक खाच दिसेल. A'CD हे पद जोडलं की ती जाते, पण सातही गेट आधीच भरलेत, म्हणजे तिसरी चिप आली. सिलेक्ट किंवा डिकोडरचे इनपुट बदलतानाही अशा खाचा येऊ शकतात, तेव्हा क्लॉकसाठी कुठल्याही वाटेवर आउटपुट 7474 या फ्लिप-फ्लॉपमधून घ्यावं आणि ती चिप सुरुवातीपासून बजेटमध्ये धरावी.

आणि चिपा मोजण्याआधी एक गोष्ट नक्की करा: सोळाही संख्या खरंच येणार आहेत का? इनपुट बीसीडी अंक असेल तर १० ते १५ कधीच येत नाहीत, आणि त्या पेट्या हव्या तशा भरता येतात. मग उरतं एवढंच:

```
F = B'C + BD
```

A ची गरजच संपली. तीन नॅंड आणि एक इन्व्हर्टर, म्हणजे नेमकी एक 7400. ही १४ पिनांची चिप 74151 पेक्षाही लहान आहे. हे समीकरण नीट पाहिलं तर तो दोनातून एक निवडणारा मल्टिप्लेक्सर आहे: B शून्य असेल तर C, नाहीतर D. बोर्डावर आधीच एखादी 74157 असेल, तिची सिलेक्ट पिन B वर असेल आणि चारपैकी एक भाग मोकळा असेल, तर या आउटपुटसाठी नवी चिप लागतच नाही.