अमेंड, रिव्हाइज, मॉडिफाय की ऑल्टर? करारात 'चेंज'च्या जागी काय लिहायचं

गेल्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे मालक चार पानांचं इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आले. पुण्याच्या खरेदीदाराला ते पाठवायचं होतं. पत्रात पानोपानी 'चेंज' होता: दर चेंज, ड्रॉइंग चेंज, कोअर बॉक्स चेंज, कलम चेंज. "मॅडम, तेच तेच झालंय. चेंजच्या जागी जरा वजनदार शब्द घाला की," असं त्यांचं म्हणणं.

निबंध असता तर घातले असते. एकदा अमेंड, एकदा रिव्हाइज, एकदा मॉडिफाय, वाचणाऱ्याला कंटाळा नको म्हणून. करारात तसं चालत नाही. शब्द बदलला की समोरचा वकील गृहीत धरतो की अर्थही बदलला आहे, आणि त्याचं ते गृहीत धरणं बरोबर असतं. म्हणून मी त्यांना आधी विचारलं, नेमकं काय बदलतंय?

मामला असा होता. गिअरबॉक्सच्या हाउसिंगचं कास्टिंग, तीन वर्षांचा पुरवठा करार, दर किलोला ११२ रुपये, बिलाचे पैसे ३० दिवसांत. ड्रॉइंग परिशिष्ट 'अ'मध्ये, दर परिशिष्ट 'ब'मध्ये. खरेदीदाराला भिंतीची जाडी ८ मिलिमीटरऐवजी १० हवी होती, आणि पैसे द्यायला ४५ दिवस हवे होते. मालकांना त्या बदल्यात दर ११८ हवा होता. तोंडी सगळं ठरलं होतं, कागद तेवढा राहिला होता.

जाडी आतल्या बाजूने वाढवायची होती. म्हणजे बाहेरच्या पॅटर्नला हात लावायची गरज नव्हती, आतली पोकळी धरणारा वाळूचा कोअर लहान करायचा म्हणून तो ज्यात बनतो त्या कोअर बॉक्सवर काम करायचं होतं. हे मॉडिफाय. वस्तू तीच राहते, तिचं काम तेच राहतं, तिच्या एखाद्या भागात फरक करतात. मराठीत याला 'फेरबदल' म्हणावं. असं लिहिताना दोन गोष्टी लगेच जोडाव्या लागतात: खर्च कोणाचा, आणि जुन्या कोअर बॉक्सचं काय. फेरबदल केल्यावर जुन्या मापाचा माल पुन्हा काढता येत नाही. जुन्या मापाच्या ऑर्डरी शिल्लक असतील तर त्या आधी उरकल्या पाहिजेत, आणि ते कागदावर असलं पाहिजे.

ड्रॉइंगचं तसं नाही. ड्रॉइंगवर खाडाखोड करून ८ चे १० करत नाहीत. नवी प्रत निघते, कोपऱ्यातल्या चौकटीत पुढचा क्रमांक आणि तारीख पडते, जुनी प्रत शॉपमधून काढून घेतात. हे रिव्हाइज. पूर्ण मजकूर पुन्हा नजरेखालून घालून नव्याने काढणं आणि आधीच्याच्या जागी ठेवणं. मराठीत त्यासाठी 'सुधारित' हा शब्द रुळलेला आहे: सुधारित ड्रॉइंग, सुधारित दरपत्रक. म्हणून रिव्हाइज लिहिलं की सोबत क्रमांक आणि तारीख हवीच. 'सुधारित दरपत्रकाप्रमाणे' एवढंच लिहून कोणतं दरपत्रक ते सांगितलं नाही, तर त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

खरा घोळ दरात होतो. माझ्या आधीच्या एका अशिलाला खरेदीदाराने ईमेल केला होता, अमुक तारखेपासून दर रिव्हाइज केले आहेत, आणि दर खाली आणले होते. यांनी उत्तर दिलं नाही, माल मात्र दोन महिने जात राहिला. नंतर यांनी करार काढून दाखवला: दोघांच्या सहीच्या लेखाशिवाय कोणतीही अमेंडमेंट चालणार नाही. समोरून उत्तर आलं की आम्ही करार अमेंड केलेलाच नाही, परिशिष्टातला दर रिव्हाइज केला, आणि तुम्ही माल पाठवून तो मान्य केला. मध्यावर कुठंतरी तडजोड झाली. मला आजही वाटतं की यांची बाजू खरी होती. पण करारात रिव्हाइजबद्दल एक अक्षर नव्हतं आणि त्या रिकाम्या जागेत समोरच्याचं म्हणणं बसलं.

म्हणून हे दोन शब्द करारातच वेगळे करून ठेवावेत. एक वाक्य पुरतं: 'परिशिष्ट ब मधील दर, उभय पक्षांनी सही केलेल्या, क्रमांक व तारीख असलेल्या सुधारित दरपत्रकानेच बदलतील, अशा दरपत्रकासाठी वेगळा दुरुस्ती करार लागणार नाही.' कच्च्या लोखंडाचे आणि स्क्रॅपचे भाव हलत असतात, दर तिमाहीला नवा करार करत बसणं कोणालाच परवडत नाही. त्यामुळे दराला रिव्हाइजची सोपी वाट द्यावी, पण सही सोडू नये.

आता ३० चे ४५ दिवस. ही अट कराराच्या अंगात आहे, कलम ७ मध्ये. इथे अमेंडच. करार उभा राहतो, त्याची तारीख तीच राहते, त्यातला नेमका मजकूर तेवढा बदलतो. अमेंड करायच्या रीती तीनच: एका मजकुराऐवजी दुसरा घालणं, नवा मजकूर वाढवणं, असलेला वगळणं. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत याची वाक्यं तयार आहेत आणि करारातही ती जशीच्या तशी चालतात:

'मूळ कराराच्या कलम ७ मधील "३० दिवस" या मजकुराऐवजी "४५ दिवस" हा मजकूर दाखल करण्यात येईल.'

'कलम ७ ची दुरुस्ती करण्यात येत आहे' एवढंच लिहून पुढे नव्या अटीचा सारांश देणारे मसुदे मी बरेच पाहते. मग जुन्या कलमातलं उशिराच्या व्याजाचं वाक्य राहिलं की गेलं, यावर भांडण होतं. नेमके शब्द अवतरणात टाका, बाकीचं कलम आपोआप शाबूत राहतं. नवं कलम वाढवायचं असेल तर त्याला ७-अ म्हणा आणि पुढचे क्रमांक हलवू नका. ७ नंतर नवं ८ घुसवलं की जुनं ८ होतं ९, आणि 'कलम ८ मधील अटींस अधीन राहून' असं जिथे जिथे लिहिलंय ते सगळं चुकीच्या कलमाकडे बोट दाखवू लागतं.

दुसरी जागा तारखेची. '१ जुलैपासून ४५ दिवस' म्हणजे १ जुलैनंतर पाठवलेला माल, १ जुलैनंतर केलेलं बिल, की १ जुलैला थकीत असलेलं सगळंच? आम्ही लिहिलं, '१ जुलै २०२५ रोजी किंवा त्यानंतर फाउंड्रीतून रवाना झालेल्या मालाच्या बिलांस लागू'. ४५ च्या पुढे मात्र जाता येत नव्हतं. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या पुरवठ्याला २००६ च्या एमएसएमई कायद्याने माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे. दोघांनी राजीखुशीने ६० लिहिले तरी उपयोग नसतो.

मराठी शब्द निवडताना एक खड्डा आहे. अमेंडला आपण 'दुरुस्ती' म्हणतो, घटनादुरुस्तीत म्हणतो तसं. पण दस्तलेखकांच्या भाषेत 'चूक दुरुस्ती' ही वेगळी गोष्ट आहे. ठरलं होतं एक आणि लिहिताना पडलं दुसरं, ते नीट करणं म्हणजे चूक दुरुस्ती. गट नंबर चुकला, नावातलं अक्षर चुकलं, अशासाठी. ती पहिल्या दिवसापासून लागू धरली जाते. ३० चे ४५ हा नवा ठराव आहे, चूक नाही. मालकांनी घरून आणलेल्या मराठी कच्च्या मसुद्याला 'चूक दुरुस्ती पत्र' असं शीर्षक होतं. ते तसंच गेलं असतं तर खरेदीदार म्हणू शकला असता की मुळातच ४५ दिवस ठरले होते, मग जुन्या बिलांवरचं उशिराचं व्याज कसलं? शीर्षक 'दुरुस्ती करार क्रमांक १' केलं.

मग एवढे कागद करण्यापेक्षा सगळा करारच नव्याने छापू, 'रिव्हाइज्ड अॅग्रीमेंट' म्हणू, असंही त्यांनी सुचवलं. सात-आठ दुरुस्त्या साचल्या असतील तर ते योग्यच आहे, कारण तेव्हा कोणतं वाक्य चालू आहे हे शोधण्यात दिवस जातो. एकाच दुरुस्तीसाठी मी ते टाळते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे पक्षांनी जुन्या कराराच्या जागी नवा करार आणला तर जुना पाळायची गरज उरत नाही. मग जुन्या कराराखालची थकबाकी कशाच्या आधारे मागायची, हा वाद नको असेल तर 'आधीच्या कराराखाली निर्माण झालेली देणी-येणी कायम राहतील' हे वाक्य डोळ्यात तेल घालून टाकावं लागतं.

राहिला ऑल्टर. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं मेमोरँडम किंवा आर्टिकल्स बदलायची असतील तर ऑल्टर हाच शब्द लिहा, कारण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३ आणि १४ मध्ये तोच आहे. इतर ठिकाणी मी तो लिहीत नाही. मराठीत त्याचा जोडीदार 'फेरफार', आणि तलाठ्याकडची फेरफार नोंद सोडली तर आपल्या कानाला तो शब्द कसा लागतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: कागदात फेरफार केला. इंग्रजी कायद्यातही मटेरियल ऑल्टरेशन म्हणजे सही झाल्यावर, दुसऱ्याच्या संमतीशिवाय, महत्त्वाचा मजकूर बदलणं. चेक किंवा वचनचिठ्ठीत असं झालं तर ज्याने संमती दिली नाही त्याच्यापुरता तो कागद रद्द होतो, असं १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम ८७ सांगतं. सही झालेल्या करारालाही न्यायालयं साधारण हेच तत्त्व लावतात.

हे मी मालकांना जरा लांबवूनच सांगितलं, कारण त्यांच्याजवळच्या प्रतीवर मला निळ्या पेनाने ३० वर गिरवलेले ४५ दिसले. "फोनवर ठरलं तेव्हा लक्षात राहावं म्हणून केलंय हो," ते म्हणाले. मनात खोट नव्हती. पण तीच त्यांची एकमेव मूळ प्रत होती. आम्ही ती तशीच ठेवली, काही खोडलं नाही, आणि दुरुस्ती करारात स्पष्ट लिहिलं की पुरवठादाराच्या प्रतीवरील कलम ७ मधील हस्ताक्षरातील नोंद कराराचा भाग नाही. सहीच्या आधी पेनाने बदल झाला असेल तर शेजारी दोघांनी छोटी सही करावी. नोंदणीच्या दस्तात तशी सही नसेल तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो.

पत्र शेवटी दीड पानाचं झालं. कोअर बॉक्समध्ये फेरबदल, खर्च खरेदीदाराचा. ड्रॉइंग आणि दरपत्रक सुधारित, क्रमांक आणि तारखेसह. कलम ७ ची दुरुस्ती, आणि सुधारित दरपत्रकाबद्दलचं वाक्य नवं कलम म्हणून दाखल.

सह्यांच्या जागी मी तिसरी ओळ आखली तेव्हा मालक थांबले. खरेदीदाराने टूलिंगसाठी ६ लाखांची उचल दिली होती, ती प्रत्येक बिलातून कापली जायची, आणि तिला त्यांचे मेहुणे जामीन होते. बिलाची मुदत बदलली की उचल फिटण्याची गतीही बदलते. करार कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे जामीनदाराच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो, मग त्या बदलाला अमेंड म्हणा नाहीतर आणखी काही. ही सही खरेदीदाराच्या हिताची होती, आणि ती नसती तर त्याच्या वकिलाने कागद परत पाठवला असता. मालक दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मेहुण्यांकडे गडहिंग्लजला गेले.