लायसन निलंबित झाल्याचा मेसेज आणि माझे गेलेले 38,450 रुपये

मी निपाणीचा. कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. रोज सकाळी मोटरसायकलवरून कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात जातो आणि रात्री परत येतो. वाटेत दोन्ही राज्यांचे पोलीस भेटतात, म्हणून लायसनच्या बाबतीत मी पहिल्यापासून जपून असतो. त्या मेसेजने नेमकं तिथेच मला पकडलं.

2025 च्या जूनमधली गोष्ट. रात्री जेवायला बसताना मेसेज आला. माझं नाव बरोबर होतं. नूतनीकरण बाकी असल्यामुळे तुमचं लायसन निलंबित होत आहे, आज रात्री 12 च्या आत 49 रुपये शुल्क भरून ते चालू करून घ्या, असा मजकूर आणि खाली लिंक. हे सगळं मराठीत. आमच्याकडे सरकारी कागद येतो तो कन्नडमध्ये, आणि माझ्या वयाच्या कित्येकांना तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. इथे सगळं मराठीत समोर आलं आणि मला उलट बरंच वाटलं. संशय यायला हवा होता तो तिथेच.

लिंक उघडली. वर अशोकस्तंभ, परिवहन खात्याचं नाव. लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली, एक चक्र फिरलं आणि लाल अक्षरात ‘निलंबित’ असं आलं. खाली 49 रुपये भरायचं बटण. डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे टाकले. ओटीपी आला, तोही टाकला. पान तिथेच अडकलं. दोन मिनिटांनी बँकेचा मेसेज आला, खात्यातून 38,450 रुपये गेल्याचा.

भाच्याला हाक मारली. त्याने आधी ओटीपीचा मेसेज उघडला आणि विचारलं, “मामा, रक्कम वाचलीसा काय?” नव्हती वाचली. त्या मेसेजात ओटीपीच्या आधीच 38,450 हा आकडा आणि कुठल्यातरी दुकानाचं नाव स्पष्ट लिहिलं होतं. पानावर 49, मेसेजात 38,450. मी फक्त सहा आकडे शोधले आणि टाकले.

मग त्याने त्याच पानावर मनाला येईल तो नंबर आणि खोटी जन्मतारीख टाकली. तरी लाल अक्षरात ‘निलंबित’च आलं. त्या पानाला कुणाचंच लायसन माहीत नव्हतं. लिंकचा पत्ताही त्याने दाखवला. https:// च्या पुढे पहिली तिरकी रेघ जिथे येते, तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघायचं. तिथे पत्ता .gov.in ने संपत असेल तर ती सरकारी जागा. माझ्या लिंकमध्ये parivahan होतं, मध्ये gov पण होतं, पण त्या रेघेच्या डावीकडे होतं .top.

त्याच रात्री बँकेला फोन करून कार्ड बंद केलं आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तासाभराच्या आत केल्यामुळे 9,200 रुपये पुढच्या खात्यात थांबवता आले. बाकीचे गेले. बँकेने सांगितलं ते ऐकायला कडू होतं, पण नियम तसाच आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून असं काही झालं तर सकाळ होण्याची वाट बघू नका.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते सांगतो. दुसऱ्या दिवशी भाच्याने खरी स्थिती बघायला शिकवलं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. मेसेजातली लिंक न उघडता parivahan.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करायचा. त्यातल्या सेवांमध्ये लायसनची माहिती बघायची सोय असते. तिथे लायसन नंबर, जन्मतारीख आणि चित्रातली अक्षरं टाकायची. आमच्या भागात नंबर बहुतेक KA23 किंवा KA22 ने सुरू होतो, चिकोडी किंवा बेळगाव आरटीओप्रमाणे. कोल्हापुरात काढलेला असेल तर MH09.

माझ्यासमोर आलं ते असं: Current Status पुढे ACTIVE. खाली Non-Transport च्या ओळीत From 2007 मधली तारीख आणि To फेब्रुवारी 2027 मधली. म्हणजे निलंबन तर नव्हतंच, पण नूतनीकरणही बाकी नव्हतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. माझ्या बाबतीत ते दार 2026 च्या फेब्रुवारीत उघडणार होतं. मेसेज आला जून 2025 मध्ये. पाकिटातलं कार्ड काढून तारीख वाचली असती तरी हे कळलं असतं.

फक्त ACTIVE वाचून मात्र थांबू नका, To ची तारीख वाचा. टेम्पो, ट्रक चालवणाऱ्यांना Transport ची वेगळी ओळ असते आणि तिची मुदत पाच वर्षांचीच असते. आमच्या गल्लीतल्या एका टेम्पोवाल्या दाजींची मोटरसायकलची मुदत शिल्लक होती, Transport ची संपून चार महिने झाले होते. त्यांना असा मेसेज आला असता तर तो खराच वाटला असता. मुदत संपून एक वर्षाच्या वर गेलं तर चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते, म्हणून त्यांनी लगेच अर्ज केला. ज्यांच्याकडे जुनं पुस्तकवजा लायसन आहे त्यांची माहिती कधी कधी दिसतच नाही, कारण ती संगणकावर चढलेलीच नसते. अशांनी मूळ पुस्तक घेऊन आरटीओत जावं.

निलंबनाबद्दलही मला काही माहीत नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लायसन निलंबित करायचं तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, कारणं लिहून आदेश काढावा लागतो, आणि त्यावर 30 दिवसांत अपील करता येतं. निलंबन ठरावीक काळासाठी असतं. रात्री 12 च्या आत 49 रुपये भरून ते उठत नाही.

2026 च्या फेब्रुवारीत मी खरं नूतनीकरण केलं. sarathi.parivahan.gov.in वर राज्य Karnataka निवडलं, अर्ज भरला, वय चाळिशीपुढे असल्याने डॉक्टरांचा फॉर्म 1A जोडला. अर्ज पूर्ण झाल्यावर स्क्रीनवर अर्ज क्रमांक आला, आणि तो क्रमांक व जन्मतारीख टाकल्यावरच शुल्काचं पान उघडलं. केंद्राच्या नियमाप्रमाणे नूतनीकरणाचे 200 आणि स्मार्ट कार्डाचे 200. शुल्क भरल्यावर त्याच अर्ज क्रमांकाची पावती निघाली, ती मी छापून ठेवली आहे. जूनमधल्या त्या पानाने माझ्याकडून कार्डाचे सगळे आकडे मागितले होते, अर्ज क्रमांक एकदाही मागितला नव्हता.