अभिषेक मूळ लिंगावर मोजून, की उत्सवमूर्तीवर? धोरण लिहिणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर म्हणजे आठव्या शतकातलं, एकसंध बेसॉल्टमध्ये कोरलेलं लेणं. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं ते संरक्षित स्मारक आहे आणि आत रोज पूजाही होते. अशा ठिकाणाचा धोरण-मसुदा लिहायला बसलं की गाडी अडते ती अभिषेकावर, कारण ओतलेल्या पाण्या-दुधानं दगड बिघडतो. पर्याय खरे तर तीन: मूळ लिंगावरच अभिषेक, पण मोजून, अभिषेक उत्सवमूर्तीवर हलवणं, किंवा मूळ दगडाला लेप.

लेपाचं आधी आटोपतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन 2015 मध्ये झालं आणि 2024 मध्ये पुन्हा करावं लागलं. लेप हा उपचार आहे, रोजच्या वहिवाटीला पर्याय नाही. वर पाणी चालूच ठेवलं तर ओल लेपाखाली अडकते आणि पापुद्रा सुटताना दगडाचा थर सोबत नेतो.

मोजून अभिषेकाचा नमुना उज्जैनचा. महाकालेश्वराच्या प्रकरणात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ठरलं की भाविकामागे आरओचं 500 मिलीलीटर पाणी, दूध किंवा पंचामृत सव्वा लीटरपर्यंत, साखरेची पूड चोळायची नाही आणि संध्याकाळी पाचनंतर फक्त कोरडी पूजा. 2020 मध्ये भाविकांनी लिंग चोळण्यावरही बंदी आली. दगड खरा झिजतो तो चोळण्यानं, त्यामुळे मला यातली हीच अट सर्वांत मोलाची वाटते.

पण मापाचा गुणाकार करून बघा. समजा, सोमवारी 400 भाविक आले. प्रत्येकी अर्धा लीटर म्हणजे 200 लीटर पाणी. त्यातल्या शंभर जणांनी पंचामृत पूर्ण मापानं आणलं तर आणखी 125 लीटर. माप प्रत्येकाचं पाळलं गेलं, गाभाऱ्यात मात्र सव्वातीनशे लीटर ओतले गेले. म्हणून मसुद्यात भाविकामागचं माप पुरत नाही, दिवसाची एकूण मर्यादा लागते. ती मोजणार कोण, हेही लिहावं लागतं.

बेसॉल्ट तसा चिवट दगड आहे. पाणी नुसतं अंगावरून गेलं तर त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पाणी थांबतं तिथे. शाळुंका आणि फरशीच्या सांध्यात दूध, दही, मध झिरपतं, आंबतं, त्यावर बुरशी धरते. पुण्याच्या दगडात झिओलाइटच्या पांढऱ्या गाठी असतात. त्या भोवतालच्या दगडाआधी सुटतात आणि खळगे पडतात.

ओळखायचं कसं? शेवटच्या अभिषेकानंतर दोन तासांनी टिपकागदाची घडी शाळुंकेच्या सांध्यावर दाबून धरा. कागद ओला झाला तर पाणी पन्हळीतून जात नाहीये, खाली मुरतंय. सांध्याभोवती पांढरी भुकटी दिसली आणि ती कोरड्या ब्रशनं निघून आठवड्यात परत आली, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, समजा. अशा ठिकाणी 500 मिलीलीटरही जास्तच. आधी पन्हळीचा उतार आणि सांधा दुरुस्त करायचा.

दुसरा पर्याय: मूळ मूर्तीची कोरडी पूजा, अभिषेक उत्सवमूर्तीवर. कोल्हापुरात हीच पद्धत आहे. दगडाच्या बाजूनं बघितलं तर यासारखा उपाय नाही. शिवालयात मात्र अडचण येते. अनेक ठिकाणी उत्सवमूर्तीच नसते. मग ताम्हणात बाणलिंग, म्हणजे लहान सुटं लिंग, ठेवून त्यावर अभिषेक करता येतो. धर्मशास्त्राला ते चालतं, भाविकाच्या मनाला चालतंच असं नाही. एका ट्रस्टसाठी लिहिलेल्या मसुद्यात मी ‘मूळ लिंगावर अभिषेक बंद’ असं एका ओळीत उरकलं होतं. महिन्याभरात लोक नंदीवर दूध ओतू लागले. नंदीला ना शाळुंका ना पन्हळ, त्यामुळे सगळं पायाशी साचू लागलं. तिथले गुरव मला म्हणाले, “साहेब, देवाला पाणी नाही घालायचं तर आम्ही लोकांना हातात काय द्यायचं?”

कायद्याची बाजूही तोलावी लागते. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याचं कलम 16 पूजास्थानाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत होऊ देत नाही. याचा अर्थ पूजा बंद करा असा नाही. 1959 चे नियमही मान्य धार्मिक प्रथेतून होणाऱ्या कार्यक्रमांना सभा-समारंभांवरच्या बंधनातून वगळतात. वाद होतो तो ‘मान्य प्रथा’ कोणती यावर. म्हणून निर्णयाआधी प्रथांची नोंद करा: कोणता विधी, कोण करतो, दिवसातून किती वेळा, केव्हापासून. सामूहिक रुद्राभिषेक गेल्या दहा वर्षांतला असेल आणि गुरवांची सकाळची पूजा पिढ्यांची असेल, तर दोन्हींना एकच नियम लावू नये.

पाताळेश्वरासारख्या कोरीव ठिकाणी मी दोन्हींची सांगड सुचवेन. सकाळी गुरवांच्या हातून लिंगावर साध्या पाण्याचा एकच अभिषेक, त्या दिवशीच्या सगळ्यांच्या नावानं संकल्प करून. दिवसभर भाविकांसाठी सभामंडपात ताम्हणातलं बाणलिंग आणि पळी. पंचामृत फक्त ताम्हणात. लिंगावर गळती, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारं भांडं, टांगायची झालीच तर सांधा कोरडा असल्याचं टिपकागदानं पाहून, आणि महाशिवरात्रीला नाही, कारण त्या दिवशी श्वासांची वाफच गाभारा ओला करते. बांधीव देवळात पन्हळ धड असेल आणि गर्दी बेताची असेल, तर दिवसाची मर्यादा घालून मूळ लिंगावरचा अभिषेक चालू ठेवायला माझी हरकत नाही.