जहाल टीएचसी आणि सीबीडी: सायकोसिसचा धोका कुठे?

दोन्ही रसायनं गांजाच्याच झाडातली. टीएचसी मेंदूतल्या सीबी१ रिसेप्टरला चिकटून तो चालू करतं, म्हणून नशा चढते, वेळेचं भान सुटतं आणि कधीकधी कुणीतरी पाळतीवर आहे असा संशय डोकं खातो. सीबीडी तसं करत नाही, त्याने नशाही येत नाही.

प्रश्न जहाल मालाचा आहे. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा माल जहाल धरला होता. तो रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटून भास-भ्रम होणाऱ्या आजाराची, शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. यावरून कारण सिद्ध होत नाही, आनुवंशिकताही मध्ये येते. तरी बहुतेक ओढणाऱ्यांना हा आजार होत नाही, हेही खरं.

मग सीबीडी ढाल होईल? २०१८ च्या एका चाचणीत सायकोसिसच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत रोज १००० मिलिग्रॅम सीबीडी सहा आठवडे दिलं, तेव्हा भास-भ्रम थोडे कमी झाले. पण ही औषधाची मात्रा झाली, झुरक्यातून एवढं मिळतच नाही. लंडनच्या संशोधकांनी निरोगी लोकांना १० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर ३० मिलिग्रॅमपर्यंत सीबीडी वाफेतून ओढायला दिलं. संशय वाढला तो वाढलाच, स्मरणशक्तीही तशीच ढासळली. त्यामुळे ‘सीबीडीवाला माल सुरक्षित’ या दुकानदारी दाव्यावर माझा तरी विश्वास नाही. अशा मालात टीएचसी मुळातच कमी असेल, तर फायदा बहुधा त्या कमीपणाचा.