सीटीसी तोच, पण पीएफ कशावर? पगार-रचनेच्या पत्रातले दोन पर्याय

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि अनेक कंपन्यांनी पगाराची मांडणी बदलायला घेतली. वेतन संहितेनुसार एचआरए, प्रवास भत्ता, कंपनीचा पीएफ हिस्सा अशा वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे पत्रात बेसिक वाढलेला दिसतो, बाकीचे आकडे इकडचे तिकडे होतात आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘आपल्या एकूण सीटीसीमध्ये कोणताही बदल नाही.’

ते वाक्य खरं असतं. पण महिनाअखेरीस खात्यात किती येणार, हे त्यातून कळत नाही. ते ठरतं पत्रासोबतच्या एका छोट्या फॉर्मवर: पीएफ पूर्ण बेसिकवर कापायचा की १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवर? सगळ्याच कंपन्या हा पर्याय देत नाहीत. तुम्हाला दिला असेल, तर घाईने खूण करू नका.

वर्षाला १२ लाख, म्हणजे महिन्याला १ लाख सीटीसी असलेला पगार घेऊ. जुन्या रचनेत बेसिक ३० टक्के होता, नव्या रचनेत ५० टक्के.

| दरमहा, रुपये | जुनी रचना | पर्याय अ: पूर्ण बेसिकवर पीएफ | पर्याय ब: मर्यादेवर पीएफ |
|---|---|---|---|
| बेसिक | ३०,००० | ५०,००० | ५०,००० |
| एचआरए | १५,००० | २०,००० | २०,००० |
| स्पेशल अलाउन्स | ४९,९५७ | २१,५९५ | २५,७९५ |
| कंपनीचा पीएफ हिस्सा | ३,६०० | ६,००० | १,८०० |
| ग्रॅच्युइटीची तरतूद | १,४४३ | २,४०५ | २,४०५ |
| एकूण सीटीसी | १,००,००० | १,००,००० | १,००,००० |
| तुमचा पीएफ हिस्सा (कपात) | ३,६०० | ६,००० | १,८०० |
| हातात (२०० रुपये व्यवसाय कर वजा) | ९१,१५७ | ८५,३९५ | ९३,७९५ |

पर्याय अ घेतला तर हातातले ५,७६२ रुपये कमी होतात. त्यातले २,४०० तुमच्या वाढलेल्या पीएफ कपातीचे, २,४०० कंपनीच्या वाढलेल्या हिश्श्याचे आणि ९६२ ग्रॅच्युइटीचे. ‘कंपनी माझ्या पीएफमध्ये जास्त भरतेय’ असं वाटू शकतं, पण सीटीसी ठरलेला असल्यामुळे तो हिस्साही तुमच्याच स्पेशल अलाउन्समधून निघालेला असतो.

पर्याय ब मध्ये हातात जुन्या रचनेपेक्षाही २,६३८ रुपये जास्त येतात. अ आणि ब मधला फरक महिन्याला ८,४०० रुपयांचा, आणि तो पूर्ण पीएफचा आहे. ही रक्कम पीएफमध्ये जात राहिली आणि २०२४-२५ चा ८.२५ टक्के व्याजदर कायम राहिला असं धरलं, तर दहा वर्षांत साधारण १५ लाख साठतात. ही रक्कम लहान नाही. पैसे हातात आले की खर्च होतात असा स्वतःचा अनुभव असणाऱ्याने हा आकडा नीट डोळ्यांसमोर ठेवावा.

पेन्शनबद्दल मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. जास्त पीएफ म्हणजे निवृत्तीनंतर जास्त पेन्शन, असं नेहमीच्या व्यवस्थेत होत नाही. कंपनीच्या हिश्श्यातून पेन्शन योजनेत जाणारी रक्कम १५,००० च्या ८.३३ टक्क्यांवर, म्हणजे १,२५० रुपयांवर थांबते. अ मध्येही १,२५० आणि ब मध्येही १,२५०. वाढते ती फक्त पीएफची शिल्लक.

मग निवडायचं काय? माझ्या मते उत्तर करावर अवलंबून आहे. वरच्या उदाहरणात नवी करप्रणाली घेतली, तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न दोन्ही पर्यायांत १२ लाखांच्या आत राहतं आणि कर शून्य होतो. अशा वेळी मी ब घेईन आणि ज्याला बचत हवी त्याने पेरोलला सांगून ८,४०० रुपये व्हीपीएफ, म्हणजे ऐच्छिक पीएफ, सुरू करावा. हातात बरोबर ८५,३९५ च येतील, पीएफमध्ये जमाही तेवढीच होईल, आणि घरात मोठा खर्च आला तर पुढच्या खेपेला व्हीपीएफ कमी करता येईल. बहुतेक कंपन्या हा बदल वर्षातून ठरावीक वेळीच करू देतात, ती वेळ आधी विचारून ठेवा. पूर्ण बेसिकवरच्या पीएफमध्ये अशी मोकळीक सहसा मिळत नाही.

पगार जास्त असेल तर गणित फिरतं. नव्या करप्रणालीतही कंपनीचा १२ टक्क्यांपर्यंतचा पीएफ हिस्सा करमुक्त असतो. मात्र पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून वर्षाला साडेसात लाखांच्या आत हवा. ब घेतलात की कंपनीच्या हिश्श्यातून सुटलेली रक्कम स्पेशल अलाउन्समध्ये येते आणि तिच्यावर कर लागतो. समजा महिन्याला हेच ४,२०० रुपये सुटले, म्हणजे वर्षाला ५०,४००. उत्पन्नाचा वरचा थर २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर सेससकट सुमारे १०,५०० रुपये करात जातात, आणि व्हीपीएफने ते भरून निघत नाहीत. तिथे अ सरस ठरतो. अपवाद फक्त त्याचा, ज्याच्यावर महागडं कर्ज आहे आणि हातातल्या पैशाने ते लवकर फेडता येणार आहे.

जुन्या करप्रणालीत असाल आणि भाड्याने राहत असाल, तर एचआरए वाढला म्हणून सूट वाढेल असं धरू नका. सूट तीन रकमांपैकी सर्वांत कमी रकमेवर मिळते, आणि त्यातली एक म्हणजे भाडं वजा बेसिकचे १० टक्के. मुंबईत राहत असाल आणि भाडं १८,००० असेल, तर जुन्या रचनेत ही रक्कम १५,००० होती. बेसिक ५०,००० झाल्यावर ती १३,००० वर येते. एचआरए पाच हजारांनी वाढूनही करमुक्त भाग दोन हजारांनी घटला. हे अ आणि ब दोन्हींत सारखंच घडतं.

फक्त बेसिकवर मोजली तर ग्रॅच्युइटीही दोन्हींत सारखी. शेवटचा मासिक पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. आठ वर्षांना ३०,००० बेसिकवर सुमारे १.३८ लाख होतात आणि ५०,००० वर २.३१ लाख. कायम नोकरीत पाच वर्षांआधी राजीनामा दिला तर सहसा ती मिळत नाही, मग दरमहा २,४०५ रुपये तुमच्या सीटीसीत नुसते लिहिलेले राहतात. लवकर नोकरी बदलायचा विचार असेल तर सीटीसीची तुलना करताना ही ओळ वजा करा. शिवाय संहितेच्या वगळलेल्या यादीत स्पेशल अलाउन्स अशी बाब नाही. म्हणून ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजणार की त्यासकट, हे एचआरला मेलवर विचारा.

सही करण्याआधी पत्रात आणखी दोन गोष्टी पाहा. जुन्या रचनेत नसलेला व्हेरिएबल पे नव्या एकूण रकमेत आला आहे का? तसं असेल तर सीटीसी तोच राहूनही तुमचा खात्रीचा पगार कमी झालाय, आणि तो बदल संहितेमुळे झालेला नाही. दुसरं, नियुक्तिपत्रात नोटिस न देता सोडल्यास वसुली बेसिकवर लिहिली असेल, तर महिन्याची वसुली आता ३०,००० नाही, ५०,००० आहे. रजेचे पैसे बेसिकवर मिळत असतील तर तेही त्याच प्रमाणात वाढतात.

पहिली सॅलरी स्लिप आली की ईपीएफओच्या पासबुकमध्ये त्या महिन्याची नोंद शोधा. अ निवडला असेल तर तुमचे ६,०००, कंपनीचे पीएफमध्ये ४,७५० आणि पेन्शनमध्ये १,२५० दिसायला हवेत. ब असेल तर १,८००, ५५० आणि १,२५०. पेन्शन योजनेचे सभासद नसाल तर कंपनीचा पूर्ण हिस्सा पीएफच्या रकान्यात दिसेल.