जुना साउंडबार, नवा टीव्ही: ऑप्टिकल केबल पुरते का, आणि सेटिंग कोणतं ठेवायचं?

माझा साउंडबार दहा वर्षं जुना आहे. लांबट बार, सोबत एक सबवूफर, मागे ऑप्टिकल आणि ऑक्स एवढीच भोकं. टीव्ही बदलला तेव्हा वाटलं, जुनी केबल काढून नव्याच्या मागे खोचली की काम झालं. संध्याकाळच्या बातम्या छान ऐकू आल्या. रात्री ॲपवर सिनेमा लावला, तर चित्र चालू आणि आवाज गायब. बाबा म्हणाले, "अरे, बातम्या बोलतात आणि सिनेमा मुका, असं कसं?" केबल बदलली, पोर्टवर फुंकर मारली, टीव्ही बंद-चालू केला. शेवटी दोष केबलचा निघालाच नाही.

ऑप्टिकल केबलमधून आवाज दोन वेषांत जाऊ शकतो. एक म्हणजे पीसीएम, म्हणजे आवाजाचे सुटे आकडे. ते जवळजवळ कुठलाही साउंडबार वाचतो. दुसरा म्हणजे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारखा दाबून बांधलेला गठ्ठा. तो सोडवायला साउंडबारमध्ये तसा डीकोडर लागतो. बातम्यांचा आवाज दोन चॅनेलचा होता, म्हणून टीव्हीने तो पीसीएम करून पाठवला. सिनेमा 5.1 चा, म्हणजे सहा चॅनेलचा होता, टीव्हीचं सेटिंग `Auto` वर होतं, त्यामुळे त्याने डॉल्बीचा गठ्ठा धाडला. माझ्या बारला तो उघडता येत नव्हता आणि तो गप्प बसला. काही बार गप्प बसण्याऐवजी खरखर किंवा टकटक करतात, कारण तेच. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत डिजिटल आउटपुट `PCM` केलं आणि सिनेमा बोलू लागला.

तेव्हा "ऑप्टिकल चांगली की एचडीएमआय?" हा प्रश्न आधी घेऊ नका. आपल्या बारला काय उघडता येतं, ते आधी पाहा. बारच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर डॉल्बीची खूण आहे का बघा. नसेल, तर 5.1 आवाजाचा सिनेमा लावून सेटिंग `Auto` किंवा `Bitstream` वर न्या. आवाज आला आणि बारच्या पडद्यावर डॉल्बीचं नाव उमटलं किंवा दिव्याचा रंग बदलला, की डीकोडर आहे. चित्र चालू राहून आवाज गेला, तर बहुधा नाही.

आता ऑप्टिकलच्या मर्यादेकडे. ही पद्धत तोशिबाने 1983 मध्ये आणली, म्हणून तिला टॉसलिंक असंही म्हणतात. केबलमधून लाल प्रकाश जातो आणि त्याच्या लुकलुकण्यात आकडे असतात. दोन चॅनेल, प्रत्येकाचे सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटचा, असा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे 15 लाख बिट होतात. एवढं ऑप्टिकल आरामात वाहते. 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झपर्यंतही जाते. सहा चॅनेल सुटे पाठवायचे, तर हाच आकडा तिप्पट, म्हणजे 46 लाखांवर जातो. ऑप्टिकलची जोडणी मुळात दोन चॅनेलसाठी आखलेली असल्याने हे तिच्यात बसत नाही. म्हणून 5.1 आवाज दाबूनच पाठवावा लागतो. डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त 640 किलोबिटांत सहाही चॅनेल बसवते. डीटीएस सुमारे दीड मेगाबिटपर्यंत जातं आणि तेही मावतं. त्यापुढचे गठ्ठे मात्र मावत नाहीत.

एचडीएमआय केबलवरून टीव्हीचा आवाज बारकडे नेणाऱ्या दोन सोयी आहेत: जुनी एआरसी आणि नवी, जास्त आवाज वाहणारी ईएआरसी. ऑप्टिकल त्यांच्या शेजारी ठेवून पाहिली की चित्र असं दिसतं:

| आवाजाचा प्रकार | ऑप्टिकल | एआरसी | ईएआरसी |
|---|---|---|---|
| दोन चॅनेलचा पीसीएम | जातो | जातो | जातो |
| डॉल्बी डिजिटल 5.1 | जातं | जातं | जातं |
| डीटीएस 5.1 | टीव्हीने सोडलं तर | टीव्हीने सोडलं तर | टीव्हीने सोडलं तर |
| डॉल्बी डिजिटल प्लस, त्यातल्या ॲटमॉससह | नाही | बऱ्याच नव्या टीव्हींवर | जातं |
| ब्ल्यू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडी आणि अनेक चॅनेलचा पीसीएम | नाही | नाही | जातो |

शेवटचा स्तंभ जुन्या बारवाल्याने फक्त वाचून सोडून द्यावा. ईएआरसी टीव्ही आणि बार दोघांतही असावं लागतं. जुना एआरसी बार नव्या ईएआरसी पोर्टात लावला, तर तो एआरसीसारखाच चालतो. म्हणजे आपल्यासाठी खरी निवड पहिल्या दोन स्तंभांतली आहे, आणि त्यांच्यात आवाजाच्या दृष्टीने फरक एकाच ओळीचा: डॉल्बी डिजिटल प्लस. जुन्या बारला ते उघडताच येत नसेल, तर हा फरकही उरत नाही.

"पण ॲपवरचे सिनेमे तर बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच येतात, मग ऑप्टिकलवरून काय येणार?" रास्त प्रश्न आहे. टीव्ही तो आवाज साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून ऑप्टिकलवर सोडू शकतो. प्लस बनवतानाच ही सोय ठेवली होती, म्हणून 5.1 सिनेमा 5.1 म्हणूनच पोचतो. हरवतात ते ॲटमॉसचे वरून येणारे आवाज. छताकडे तोंड केलेले स्पीकर आपल्या बारमध्ये नसतील, तर त्यांची खंत करण्यात अर्थ नाही.

मग एआरसी कशासाठी घ्यायची? रिमोटसाठी. एआरसीवर टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्हीसोबत बार चालू-बंद होतो. ऑप्टिकलमधून प्रकाश एकाच दिशेने जातो, हुकूम जात नाहीत. बारचा रिमोट वेगळा ठेवावा लागतो. काही बारना टीव्हीच्या रिमोटची बटणं शिकवता येतात, तेवढी माहितीपुस्तिका चाळून घ्या. आमच्याकडे दोन रिमोट आहेत आणि त्यातला एक कायम सोफ्याच्या खाचेत असतो. एआरसीची तक्रार उलटी आहे: टीव्ही, बार आणि सेट टॉप बॉक्स एकमेकांना हुकूम देऊ लागले, की रात्री अचानक काहीतरी आपोआप चालू होतं. ऑप्टिकल लावलेल्याला हा त्रास नाही.

एक सापळा मात्र जुन्या एचडीएमआय बारमध्ये आहे. ज्या बारला एचडीएमआय इनपुट असतं, त्यात लोक गेमिंग कन्सोल लावतात आणि तिथून चित्र टीव्हीकडे नेतात. बार एचडीएमआय 1.4 च्या काळातला असेल, तर 4के चित्र सेकंदाला 30 फ्रेमवर अडतं आणि एचडीआर मिळत नाही. नव्या टीव्हीचे पैसे बारच्या पोटात अडकतात. अशा वेळी कन्सोल थेट टीव्हीला आणि टीव्हीपासून बारपर्यंत ऑप्टिकल, हीच जोडणी बरी.

पण तिथेही एक गोची होते. टीव्हीच्या स्वतःच्या ॲपचा 5.1 आवाज ऑप्टिकलवर नीट येतो आणि कन्सोलचा मात्र दोनच चॅनेलमध्ये. कारण कन्सोल बहुधा अनेक चॅनेलचा पीसीएम पाठवतो, आणि टीव्हीला तो ऑप्टिकलवर सोडण्यासाठी दोन चॅनेलमध्ये पिळावा लागतो. उपाय कन्सोलच्या मेनूत आहे: आवाजाचं स्वरूप बिटस्ट्रीम आणि त्यात डॉल्बी डिजिटल निवडा. काही टीव्ही मात्र एचडीएमआयवरून आलेला डॉल्बी आवाजही ऑप्टिकलवर दोन चॅनेलचाच करून देतात. तिथे सेटिंग चालत नाही. डिस्क प्लेअरला स्वतःचं ऑप्टिकल भोक असेल, तर टीव्हीला वगळून केबल थेट बारमध्ये न्या. टीव्ही डीटीएस अडवत असेल तेव्हाही हाच मार्ग. ब्ल्यू-रेवरचा डीटीएस-एचडी आवाज असेल, तर त्याच्या आतला साधा डीटीएस गाभा ऑप्टिकलवरून मिळतो.

आता डीकोडर असलेल्याने `PCM` ठेवायचं की `Dolby Digital`? इथे माझं मत ठाम आहे: बारला सबवूफर किंवा मधला स्पीकर असेल तर डॉल्बी. 5.1 मधलं ".1" म्हणजे धडाम-धुडुमचा वेगळा चॅनेल. टीव्ही सहाचे दोन चॅनेल करतो, तेव्हा हा चॅनेल बहुतेक वेळा गाळूनच टाकला जातो. गठ्ठा बारपर्यंत न उघडता आला, तर तो चॅनेल सबवूफरला मिळू शकतो आणि संवाद मधल्या स्पीकरला. फक्त दोन स्पीकरचा बार असेल, तर `PCM` ठेवून निवांत राहा. गाणी ऐकताना तर दोन्हींत निवडण्यासारखं काही नाहीच, कारण ती मुळात दोन चॅनेलची असतात.

`PCM` चा आणखी एक फायदा वेळेचा आहे. गठ्ठा बांधणं-सोडवणं यात थोडा उशीर होतो. ओठ आधी हलले आणि आवाज मागून आला, तर पहिल्यांदा `PCM` करून पाहा आणि बारवरचा विलंब शून्यावर आणा. उलट आवाज आधी आला, तर टीव्हीचं चित्र प्रक्रियेत रेंगाळतंय; बारवरचा विलंब 10-10 मिलिसेकंदांनी वाढवत न्या. टाळ्या वाजवणाऱ्या किंवा बातम्या देणाऱ्या माणसाकडे बघत हे केलं, की पटकन जमतं.

ब्लूटूथ आणि ऑक्स यांना मी या शर्यतीत धरत नाही. ब्लूटूथवर आवाज पुन्हा दाबला जातो आणि उशीर सहसा जाणवतो. गाण्यांना चालेल, सिनेमाला नको. ऑक्सवर दोनच चॅनेल, आणि कधीकधी अर्थिंगमुळे गुणगुण. ऑप्टिकलमध्ये टीव्ही आणि बार यांच्यात विजेचा संबंधच नसल्याने ती गुणगुण केबलवाटे येऊ शकत नाही.

केबल लावताना दोन गोष्टी. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर प्लॅस्टिकची पारदर्शक टोपी असते, ती काढा. ती तशीच ठेवून जोर लावणारे मी बरेच पाहिलेत आणि पहिल्या दिवशी त्यांत मीही होतो. प्लग एकाच बाजूने बसतो आणि बसल्यावर बारीक "टक" होतं. टीव्ही चालू असताना बारकडचं टोक बाहेर काढून बघा, आत लाल ठिपका दिसायला हवा. दिसत नसेल, तर टीव्हीने आउटपुट ऑप्टिकलकडे वळवलेला नाही किंवा केबल आतून तुटली आहे. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे ती काटकोनात दुमडू नका, आतला तंतू मोडतो. लांबी पाच मीटरच्या आत ठेवा. दहाच्या आसपास गेलं की आवाज मध्येच तुटू लागू शकतो.

माझ्या बारमध्ये डीकोडर नाही, त्यामुळे मी `PCM` वर आहे आणि सबवूफरला ".1" मिळत नाही. बाबांना त्याचं काही नाही. त्यांचा सिनेमा बोलतोय.