खांद्याचं प्लास्टिक मॉडेल: आठ महिने वापरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं छोटं फिजिओथेरपी सेंटर आहे. पेशंटला समजावायला आणि बीपीटी करणाऱ्या पुतणीला शिकवायला हे मॉडेल ऑनलाइन मागवलं. रोटेटर कफचे चारही स्नायू चुंबकानं निघतात, रंग अजून टिकलाय. सबस्कॅप्युलॅरिस स्कॅप्युलाच्या पुढच्या बाजूला असतो, हे पोरांना चित्रात कधी पटत नाही. इथं हाताला लागतं.

तक्रार एकच, पण मोठी. सुप्रास्कॅप्युलर नर्व्हची पिवळी रेघ सुप्रास्पायनेटसपाशीच संपते. खरी नर्व्ह (सी ५, सी ६) स्कॅप्युलाच्या वरच्या खाचेतून, लिगामेंटच्या खालून येते, सुप्रास्पायनेटसला फांदी देते, मग स्पायनोग्लेनॉइड नॉचला वळसा घालून खाली इन्फ्रास्पायनेटसला जाते. प्रश्नपत्रिकेत नेमका हाच वळसा विचारतात.

पेशंटमध्येही तोच भेटला. कापसाच्या जिनिंगमधला चाळिशीचा हमाल आला. म्हणाला, "दुखत नाई जी फारसं, पण हात बाहेर फिरवाले जोरच नाई." एम्प्टी कॅन टेस्ट घेतली: हात तिरका पुढे, खांद्याच्या उंचीवर, अंगठा खाली, आणि वरून मी दाबलं. दोन्ही हात सारखेच भक्कम. मग कोपर अंगाला चिकटवून काटकोनात ठेवायला लावलं आणि मनगट बाहेर ढकलायला सांगितलं. उजवा हात माझ्या दोन बोटांनी आत आला. शर्ट काढून पाठ पाहिली, तर स्कॅप्युलाच्या आडव्या कण्याखाली खड्डा, वरची बाजू मात्र भरलेली.

म्हणजे सुप्रास्पायनेटसची फांदी शाबूत होती आणि दाब तिच्या पुढे, खालच्या नॉचवर होता. वरच्या खाचेत दाब असता तर दोन्ही स्नायू सुकले असते. सी ५ चं मूळ दाबलं असतं तर डेल्टॉइड आणि बायसेप्सही ढिले पडले असते. ते ठणठणीत होते. बाहेर फिरवण्याची ताकद पूर्ण गेली नव्हती, कारण टेरीस मायनरला अ‍ॅक्झिलरी नर्व्ह आहे. ही शेवटची फांदी कातडीला जात नाही, म्हणून मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, आणि म्हणूनच असा माणूस उशिरा येतो. स्नायू फाटूनही अशीच कमजोरी येते. टेस्टवरून पैज लावू नये. नागपूरला एमआरआय झाला, त्यात नॉचमध्ये पाण्याची गाठ निघाली आणि शेजारचं लॅब्रम फाटलेलं होतं. गाठीचा उगम बहुतेक वेळा तिथलाच असतो. नुसता व्यायाम देऊन मी त्याला महिने फिरवलं असतं तर स्नायू आणखी सुकला असता.

मॉडेलवर आता मी वायरमनकडची पिवळी वायर फेविक्विकनं चिकटवून वळसा पूर्ण केलाय, लिगामेंटच्या जागी रबरबँड. दिसायला भंगार झालंय. पुतणी मात्र आता फेविक्विकच्या डागावर बोट ठेवून विचारते, "काका, इथं कापलं तर कोणता सुकेल?"

पाचपैकी साडेतीन. बॉक्समधला तक्ता फेका: त्यात टेरीस मेजरही कफमध्ये घातलाय.